आसरा कृपा म्हणून की हक्क म्हणून?

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांतून फिरणाऱ्या कार्यकर्त्याला सुंदरनगर, विवेकानंदपूर, सुभाषग्राम अशी गावे लागतात. माडिया-गोंडांच्या जंगलात ही नावे आली कुठून, असा प्रश्न नवख्याला पडतो. गावात शिरले की बंगाली बोली कानावर येते, घरामागे तळे दिसते आणि तळ्यात मासळी असते. सरकारी कागदांत, वर्तमानपत्रांत आणि आपल्याही बोलण्यात या लोकांना आजवर ‘बंगाली निर्वासित’ असेच म्हटले जाते. यांतील बहुसंख्य कुटुंबे नामशूद्र आहेत, म्हणजे बंगालमधील अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील. बाबासाहेबांच्या चळवळीशी या समाजाचे नाते फार जुने आहे. ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नाही आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ते फारसे सांगितलेले नाही.

१९४६ साली मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेत जाता आले नाही. दारे बंद होती. ती उघडली बंगालने. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालच्या विधिमंडळातून बाबासाहेबांना निवडून पाठवले. मंडल हे बारिसालचे, नामशूद्र समाजाचे पुढारी. पुढे फाळणी झाली, नामशूद्रांची बहुतेक भूमी पूर्व पाकिस्तानात गेली आणि बाबासाहेबांना मुंबईतून पुन्हा निवडून यावे लागले. बाबासाहेब भारताचे कायदेमंत्री झाले, मंडल पाकिस्तानचे कायदेमंत्री झाले. ज्या समाजाच्या बळावर बाबासाहेब संविधान सभेत पोचले, त्याच समाजाची घरे पुढील दोन दशके जळत राहिली आणि त्यांतील काहींना अखेर चांदा जिल्ह्याच्या जंगलात आणून बसवण्यात आले. चंद्रपूरला १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्याला तेव्हा एक तपही उलटले नव्हते.

या लोकांना भारताने आसरा दिला, हे खरे. पण तो कोणत्या कायद्याने दिला? तो त्यांचा हक्क होता की सरकारची मेहेरबानी? मुलचेऱ्यातील जुन्या माणसांपुरता हा प्रश्न नाही. रोहिंग्या असोत, म्यानमारमधून आलेले चिन असोत, अरुणाचलातील बौद्ध चकमा असोत, प्रत्येक वेळी हाच प्रश्न उभा राहतो. म्हणून तो एकदा नीट, मुळापासून समजून घेतला पाहिजे.

निर्वासित कोण?

आपण रोजच्या बोलण्यात धरणाने उठवलेल्या गावाला, ताडोबासाठी हलवलेल्या वस्तीला आणि सीमा ओलांडून आलेल्या माणसाला एकच शब्द लावतो. आंतरराष्ट्रीय कायदा तसे करीत नाही. १९५१ साली जिनिव्हात निर्वासितांविषयीचा करार झाला. त्यात निर्वासिताची व्याख्या आहे. तिचा आशय असा : जी व्यक्ती आपल्या देशाबाहेर आहे, जिला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाच कारणांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी साधार भीती आहे, आणि त्या भीतीमुळे जी आपल्या देशाचे संरक्षण घेऊ शकत नाही किंवा घेऊ इच्छित नाही, ती व्यक्ती निर्वासित.

व्याख्या कोरडी वाटते. ती एका कुटुंबाला लावून पाहू. समजा, खुलना जिल्ह्यातील एक नामशूद्र शेतकरी कुटुंब आहे. जानेवारी १९६४ मध्ये खुलना, जेसोर, ढाका या भागांत हिंदूंविरुद्ध दंगली उसळल्या. काश्मीरमधील हजरतबल दर्ग्यातून पवित्र केस नाहीसा झाल्याची बातमी त्याला निमित्त झाली. हजार मैलांवर काहीतरी घडले आणि त्याची शिक्षा खुलन्याच्या शेतमजुराला मिळाली. आपल्या कुटुंबाच्या घराला आग लागलेली नाही, पण शेजारचे गाव जळाले आहे. कुटुंब रात्री निघते आणि सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये येते.

पहिली कसोटी देशाबाहेर असण्याची. ती पूर्ण झाली. दुसरी कसोटी साधार भीतीची. यात दोन अंगे आहेत. माणसाच्या मनात भीती असली पाहिजे आणि त्या भीतीला बाहेर काही आधार असला पाहिजे. स्वतःवर वार झालेला असलाच पाहिजे, अशी अट नाही. शेजारचे गाव जळाले, तिथले लोक आपल्याच धर्माचे आणि जातीचे होते, पोलीस आले नाहीत, एवढा आधार पुरतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली कार्डोझा-फोन्सेका खटल्यात सांगितले की, छळ होण्याची शक्यता निम्म्याहून कमी असली तरी भीती साधार असू शकते. मरणाची शक्यता दहात एक असेल तर शहाणा माणूस घरी थांबत नाही, हे समजायला कायद्याची पदवी लागत नाही.

तिसरी कसोटी छळाची. गरिबी हा छळ नव्हे, दुष्काळ हा छळ नव्हे. जीव घेणे, घर जाळणे, स्त्रियांवर अत्याचार, जमीन बळकावणे आणि हे सर्व होत असताना राज्यसंस्थेने पाठ फिरवणे, हा छळ. १९६५च्या युद्धानंतर पाकिस्तानने शत्रूच्या मालमत्तेचा हुकूम काढला आणि भारतात गेलेल्या हिंदूंच्या जमिनी त्याखाली घेतल्या. परतीची वाट कागदावरही बंद झाली.

चौथी कसोटी कारणाची, आणि इथे आपल्या वाचकांनी थोडे थांबावे. नामशूद्रांवर हल्ला झाला तो हिंदू म्हणून. म्हणजे धर्म हे कारण सरळ लागू पडते. पण जातीचे काय? फाळणीनंतर सर्वांत आधी निघाले ते सवर्ण जमीनदार, वकील, डॉक्टर. त्यांच्याजवळ पैसा होता, कलकत्त्यात नातेवाईक होते. नामशूद्र शेतकऱ्याजवळ फक्त जमीन होती, आणि जमीन पाठीवर टाकून नेता येत नाही. तो मागे राहिला आणि दंगलीच्या तोंडी सापडला. छळाचे कारण धर्म, पण छळाच्या तोंडी कोण सापडले हे जातीने ठरवले.

केवळ जातीमुळे छळ झाला तर काय? व्याख्येत ‘जात’ हा शब्द नाही. पण ‘विशिष्ट सामाजिक गट’ हे चौथे कारण आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली वॉर्ड खटल्यात या शब्दांचा अर्थ लावताना सांगितले की, जन्मजात किंवा बदलता न येणाऱ्या वैशिष्ट्याने ओळखला जाणारा गट त्यात येतो. जन्माने चिकटणारी आणि बदलता न येणारी गोष्ट म्हणजे काय, हे जातीच्या बळीला कोणी शिकवायला नको. म्हणून जातीच्या आधारावर या व्याख्येत दावा करता येतो. मात्र आपण दलित आहोत एवढे सांगून भागत नाही. त्या कारणाने आपल्याला गंभीर इजेचा धोका आहे आणि आपले राज्य वाचवत नाही, हे दाखवावे लागते.

पाचवी कसोटी स्वतःच्या देशाच्या संरक्षणाची. त्याचा सर्वांत मोठा पुरावा खुद्द जोगेंद्रनाथ मंडल यांनी देऊन ठेवला आहे. पाकिस्तानच्या मंत्रिमंडळात बसलेल्या या माणसाने ऑक्टोबर १९५० मध्ये पंतप्रधान लियाकत अली खान यांना लांबलचक राजीनामापत्र लिहिले आणि पूर्व बंगालमधील अनुसूचित जातींवरील अत्याचारांचा पाढा वाचला. ज्या देशाचा कायदेमंत्रीच आपल्या समाजाला वाचवू शकत नाही आणि कलकत्त्याला येऊन राजीनामा देतो, त्या देशाच्या पोलीस ठाण्यावर खुलन्याच्या शेतकऱ्याने काय भरवसा ठेवायचा?

पाचही कसोट्यांवर आपले कुटुंब उतरले. मग ते या कराराखाली निर्वासित ठरले का? नाही. कारण मूळ करारात तारखेची अट होती. १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांमुळे घर सोडणारेच त्यात येत. युरोपातील महायुद्धाच्या बळींना समोर ठेवून तो करार लिहिला गेला होता. ही तारीख १९६७च्या पूरक कराराने काढली. आणि तारीख निघाली तरी उपयोग नव्हता, कारण भारताने ना १९५१च्या करारावर सही केली, ना १९६७च्या. आजतागायत केलेली नाही. व्याख्येत चपखल बसणारा माणूस आणि त्याला लागू होणारा करारच नाही, अशी ही स्थिती.

तारखेने ठरलेला निर्वासित

मग भारताने कोणती फूटपट्टी लावली? छळाची नव्हे, तारखेची. मार्च १९५८ अखेरपर्यंत आलेले ते ‘जुने’ स्थलांतरित. १ जानेवारी १९६४ ते २५ मार्च १९७१ या काळात आलेले ते ‘नवे’. १९५८च्या एप्रिलपासून १९६३ अखेरपर्यंत जे आले त्यांना पुनर्वसनाची मदतच नाही. जणू त्या पावणेसहा वर्षांत पूर्व पाकिस्तानात कोणाचे घर जळालेच नाही! आणि ‘नव्यां’ना मदत हवी असेल तर पश्चिम बंगालबाहेर जाण्याची अट. आपले कुटुंब १९६४ चे, म्हणून मदतीस पात्र, पण बंगालमध्ये राहण्यास अपात्र. अशांना रायपूरजवळच्या माना छावणीत आणले गेले. तिथून काहींना दंडकारण्य प्रकल्पात, म्हणजे ओरिसातील कोरापुट आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातील बस्तरमध्ये, आणि काहींना महाराष्ट्रातील चांदा जिल्ह्यात पाठवण्यात आले. गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली.

पाण्यात वाढलेला, भाताच्या खाचरात आणि नावेत जगलेला माणूस सागाच्या जंगलात आणून ठेवला. त्याला कोणी विचारले नाही. ज्या माडिया-गोंडांचे हे जंगल, त्यांनाही कोणी विचारले नाही. दोन वंचित समाजांना शेजारी बसवून दोघांच्याही संमतीशिवाय सरकारने आपली अडचण सोडवली. आज जमिनीवरून या दोन समाजांत कुरबूर होते तेव्हा तिचे मूळ इथे आहे, हे दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

दंडकारण्यातील हजारो कुटुंबे १९७८ साली छावण्या सोडून बंगालकडे परत निघाली. त्यांतील अनेक सुंदरबनातील मरिचझापी बेटावर वसली. जानेवारी १९७९ मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली, गोळीबार झाला, मे महिन्यात बेट रिकामे केले गेले. किती माणसे मेली यावर आजही वाद आहे. उरलेल्यांना पुष्कळदा त्याच छावण्यांकडे परत धाडण्यात आले. हा अन्याय घोर होता. पण ज्या तत्त्वाविषयी आता बोलायचे आहे त्याचा हा भंग नव्हे, आणि का नव्हे हे समजले की ते तत्त्व समजते.

परत धाडू नका

१९५१च्या कराराचे कलम ३३ सांगते : ज्या भूमीत या पाच कारणांपैकी एखाद्या कारणाने निर्वासिताच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, त्या भूमीच्या सीमेवर त्याला कोणत्याही प्रकारे हाकलू नये, परत धाडू नये. याला मूळ फ्रेंच शब्दावरून ‘नॉन-रिफूलमाँ’ म्हणतात. आपण ‘परत न धाडण्याचे तत्त्व’ म्हणू. मरिचझापीहून लोकांना दंडकारण्यात पाठवले, पाकिस्तानात नव्हे. देशाच्या आत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवण्यावर इतर कायद्यांनी बोट ठेवता येते, या तत्त्वाने नाही.

या तत्त्वाविषयी तीन गोष्टी नेहमी चुकीच्या समजल्या जातात. पहिली अशी की, सरकारने निर्वासित म्हणून शिक्का मारल्यावरच संरक्षण सुरू होते. तसे नाही. माणूस निर्वासित असतो म्हणून त्याला तशी मान्यता मिळते, मान्यता मिळते म्हणून तो निर्वासित होत नाही. त्यामुळे अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्याला परत धाडता येत नाही. दुसरी गोष्ट, हे तत्त्व म्हणजे नागरिकत्व किंवा जमीन नव्हे. ते एवढेच सांगते की, या माणसाला त्याच्या मारेकऱ्याच्या हाती देऊ नका. दुसऱ्या सुरक्षित देशात पाठवण्यास ते आड येत नाही. तिसरी गोष्ट, त्याला अपवाद आहे. जो माणूस देशाच्या सुरक्षेला धोका आहे असे मानण्यास सबळ कारण आहे, किंवा विशेष गंभीर गुन्ह्यात जो अंतिमतः दोषी ठरला आहे, त्याला हे संरक्षण मिळत नाही. पण हा अपवाद एकेका माणसाला लागतो. सबंध जमातीला ‘धोका’ म्हणून एका ओळीत उभे करता येत नाही.

भारताने करारावर सही केली नाही म्हणून तो या तत्त्वातून सुटला का? इथे वाद आहे. अनेक कायदेपंडित आणि संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था म्हणते की, हे तत्त्व आता रूढ आंतरराष्ट्रीय कायदा झाले आहे आणि सही न केलेल्या देशांनाही ते बांधते. भारत सरकार हे मान्य करीत नाही. नागरी व राजकीय हक्कांचा करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला आहे. त्यात जिवाचा हक्क आणि छळवणुकीस बंदी आहे, आणि मृत्यू किंवा छळाचा खराखुरा धोका असलेल्या ठिकाणी माणसाला पाठवणे हा त्याच हक्काचा भंग, असा अर्थ त्या कराराची समिती लावते. छळवणूकविरोधी करारात तर परत न धाडण्याचे स्वतंत्र कलम आहे आणि त्याला अपवादही नाही. पण त्यावर भारताने १९९७ मध्ये केवळ सही केली, मंजुरी दिलेली नाही. बाहेरचे दोर असे अर्धे विणलेले आहेत. म्हणून घरातील दोराकडे वळावे लागते. तो म्हणजे संविधान.

‘नागरिक’ नव्हे, ‘व्यक्ती’

संविधानाचे कलम १९ नागरिकांना हक्क देते. कलम १४ आणि कलम २१ मात्र ‘व्यक्ती’ला हक्क देतात. कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणत्याही व्यक्तीचे जीवित हिरावता येत नाही. ही व्यक्ती भारतीय असली पाहिजे असे कलम २१ म्हणत नाही. परत न धाडण्याचे तत्त्व भारतात उभे राहिले ते या एका शब्दावर.

त्याची सर्वांत चांगली साक्ष चकमा बांधवांच्या खटल्यात आहे. हे चित्तगाँग डोंगराळ प्रदेशातील बौद्ध. १९६४ सालीच, म्हणजे मुलचेऱ्याचे नामशूद्र आले त्याच वर्षी आणि त्याच पूर्व पाकिस्तानातून, ते भारतात आले आणि आजच्या अरुणाचलात वसवले गेले. त्यांच्या जमिनी कर्णफुली नदीवरील काप्ताई धरणात बुडाल्या होत्या. नुसते धरण हे पाच कारणांत बसत नाही, हे आपण पाहिले. पण त्याला धार्मिक छळाचीही जोड होती. अरुणाचलात विद्यार्थी संघटनेने त्यांना ३० सप्टेंबर १९९५ पर्यंत राज्य सोडण्याचा इशारा दिला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ९ जानेवारी १९९६ रोजी निकाल लागला.

न्यायालयाने काय सांगितले ते नीट पाहावे. राज्यात राहणाऱ्या प्रत्येक चकमाचे जीवित आणि स्वातंत्र्य राखणे हे राज्याचे कर्तव्य आहे. त्यांना जबरीने हाकलण्याचा प्रयत्न, गरज पडल्यास निमलष्करी दले बोलावून, परतवून लावावा. कायद्याशिवाय कोणालाही घरातून काढू नये. आणि चौथी गोष्ट सर्वांत शिकण्यासारखी. चकमांनी नागरिकत्वासाठी अर्ज केले होते, पण स्थानिक अधिकारी ते केंद्राकडे पाठवतच नव्हते. निर्णयाचा अधिकार केंद्राचा, आणि अर्ज अडले जिल्ह्याच्या कचेरीत. न्यायालयाने ते पुढे पाठवण्याचा आदेश दिला आणि निर्णय होईपर्यंत अर्जदाराला हलवू नये असे बजावले. हक्क नाकारण्यासाठी दरवेळी नकार द्यावा लागत नाही, फाईल दाबून ठेवली तरी पुरते. हा अनुभव आपल्या लोकांना जातीच्या दाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंत आहेच.

या दोराची मर्यादाही सांगितली पाहिजे. परकीयाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये हान्स म्युलर खटल्यात म्हटले होते आणि ते वाक्य आजही सरकारी वकिलांच्या हाती असते. ८ एप्रिल २०२१ रोजी जम्मूत डांबलेल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात अंतरिम आदेश देताना न्यायालयाने कलम २१ सर्व व्यक्तींना आहे हे मान्य केले. पण भारतात राहण्याचा हक्क कलम १९ मधून येतो आणि तो फक्त नागरिकांना आहे, असे म्हणून ठरलेली प्रक्रिया पाळून त्यांना परत पाठवण्यास वाट मोकळी ठेवली. जेमतेम महिन्याने, मे २०२१ मध्ये, मणिपूर उच्च न्यायालयाने मात्र म्यानमारच्या लष्करी राजवटीतून पळालेल्या सात जणांना दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीपर्यंत सुरक्षित जाऊ द्यावे असे सांगितले आणि परत न धाडण्याचे तत्त्व कलम २१ मध्ये वाचता येते असे म्हटले. एकच संविधान, एकच शेजारी देश, एकच वर्ष आणि दोन उत्तरे. लिखित कायदा नसला की न्याय असा न्यायासनागणिक बदलतो.

आपला प्रश्न आणि आपली भूमिका

२०१९च्या नागरिकत्व दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाची वाट दिली. त्यांत बौद्ध आहेत. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६च्या जुन्या परकीय कायद्याच्या जागी नवा कायदा अमलात आला. त्यातही निर्वासिताची व्याख्या नाही. उलट त्याखाली निघालेल्या हुकमाने त्याच सहा धर्मांच्या, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना कागदपत्रांविना राहण्यापुरती सूट दिली. पुन्हा तारीख, आणि तारखेच्या जोडीला धर्म.

बौद्धांचे नाव यादीत आहे म्हणून आपण समाधान मानावे का? आंतरराष्ट्रीय व्याख्या विचारते, तुला भीती कशाची आहे? आपला कायदा विचारतो, तुझा धर्म कोणता आणि तू आलास केव्हा? पहिला प्रश्न माणसाला विचारलेला आहे, दुसरा त्याच्या जन्माला. जन्म पाहून आसरा देणारी व्यवस्था उद्या जन्म पाहूनच आसरा नाकारते. आणि सरकारी हुकमाने दिलेली सूट दुसऱ्या हुकमाने काढता येते. आज म्यानमारचा रोहिंग्या त्या यादीत नाही, ख्रिस्ती असूनही चिन नाही, श्रीलंकेचा तमीळ हिंदू असूनही तीन देशांच्या त्या कायद्यात बसत नाही. छळ खरा आहे, पण यादी खोटी आहे.

इंद्रावतीच्या पलीकडेही पाहावे. २००५ पासून सलवा जुडूमच्या काळात बस्तरमधील हजारो आदिवासी जीव वाचवून तेव्हाच्या आंध्रात, खम्मम-वरंगळच्या जंगलात गेले. त्यांनी राज्याची सीमा ओलांडली, देशाची नाही. म्हणून कितीही छळ झाला तरी ते निर्वासित नव्हेत, ते देशांतर्गत विस्थापित. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांची १९९८ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. पंधरावे तत्त्व म्हणते, जीव धोक्यात येईल अशा ठिकाणी त्यांना सक्तीने परत पाठवू नये. ही तत्त्वे करार नाहीत, त्यांवर थेट दावा लावता येत नाही. पण ते भारताचे नागरिक आहेत आणि देशात कुठेही राहण्याचा हक्क त्यांना कलम १९ देते. म्हणजे त्यांचा दावा रोहिंग्यांहून अधिक बळकट आहे. ‘निर्वासित’ हा शब्द लावल्याने तो वाढत नाही, उलट त्यांचे नागरिकत्व झाकले जाते.

हेच मुलचेऱ्यालाही लागू आहे. नवे नागरिकत्व मिळाले की निर्वासितपण संपते, असे १९५१चा करारच सांगतो. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस, आईबाप कोणीही असोत, मोजके अपवाद सोडता जन्मानेच नागरिक आहे. सुंदरनगरात १९७० साली जन्मलेली बाई निर्वासित कधी नव्हतीच. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आईवडिलांपैकी एक नागरिक असणे आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक असणे, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसणे, ही अट आली. म्हणून तिसऱ्या पिढीचा हक्क पहिल्या पिढीच्या कागदावर उभा आहे. स्थलांतराचा दाखला, छावणीचे कार्ड, जमीन वाटपाचा आदेश, नागरिक म्हणून नोंदणीचे प्रमाणपत्र, जन्मनोंद, यांतील जे घरात असेल त्याची नक्कल काढून ठेवावी आणि अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये. चकमांचा खटला हेच शिकवतो.

एक घाव मात्र कागदाने भरत नाही. नामशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. ज्या समाजाने बाबासाहेबांना संविधान सभेत धाडले त्याची मुले गडचिरोलीत त्या संविधानाच्या सवलतीला मुकतात. सरकारने त्यांना बंगालबाहेर नेले आणि त्यांची जात सीमेवरच उतरवून घेतली, पण जातीचा डाग मात्र सोबत येऊ दिला. कलम ३४१ नुसार ही यादी संसदच बदलू शकते. विदर्भातील प्रत्येक पक्षाच्या खासदाराला आपण हा प्रश्न विचारला पाहिजे.

आणि निर्वासितांसाठी लिखित कायदा मागताना आपली मागणी स्पष्ट असावी. व्याख्या छळाची असावी, धर्माची नको. निर्णय एकेका माणसाचा, कारणे देऊन आणि अपिलाच्या हक्कासह व्हावा. निर्णय होईपर्यंत कोणालाही परत धाडू नये. खुलन्याच्या शेतकऱ्याला १९६४ मध्ये आसरा मिळाला, कारण त्या वर्षी सरकारच्या मनात ते होते. १९६३ मध्ये आलेल्या त्याच्या भावाला मदत मिळाली नाही, कारण त्या वर्षी ते नव्हते. दोघांची भीती एकच होती. हक्क तो, जो दोघांनाही मिळतो. एकाला मिळून दुसऱ्याला नाकारता येते ती भीक असते, आणि भिकेवर जगायचे नाही, हे आपल्याला फार पूर्वी शिकवून ठेवले आहे.